प्रोबायोटिकचे लेबल कसे वाचावे?

डॉक्टर अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स लिहून देतात आणि त्याच चिठ्ठीत शेवटच्या ओळीवर बहुतेक वेळा एखादे प्रोबायोटिक असते. मेडिकल दुकानात त्या नावाचे औषध नसले, तर काउंटरवरचा माणूस 'हेही तेच आहे' म्हणत दुसरा डबा पुढे करतो. तो डबा खरोखर 'तेच' आहे का, हे पडताळायला डॉक्टर समोर नसतात. पडताळण्याचे साधन एकच असते, डब्यावरची बारीक अक्षरे. ती कशी वाचायची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सुरुवात व्याख्येपासून करू, कारण लेबलवर नेमके काय शोधायचे ते व्याख्येतच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली प्रोबायोटिकची व्याख्या केली. तिचा आशय असा : जे सूक्ष्मजीव जिवंत असतात आणि पुरेशा प्रमाणात पोटात गेल्यावर आरोग्याला फायदा करतात, ते प्रोबायोटिक. यातल्या तीन अटी सुट्या करून बघा. फायदा करणारे सूक्ष्मजीव नेमके कोणते, हे स्ट्रेनच्या नावावरून कळते. प्रमाण पुरेसे आहे का, हे सीएफयूच्या आकड्यावरून कळते. ते पोटात जाईपर्यंत जिवंत राहतील का, हे साठवणुकीच्या सूचनेवर ठरते. तीनपैकी एक उत्तर जरी डब्यावर नसले, तरी उरलेल्या दोन उत्तरांना फारसा अर्थ राहत नाही.

नावाचे तीन भाग

सूक्ष्मजीवाचे पूर्ण नाव तीन भागांचे असते. पहिला भाग प्रजातीचा, दुसरा जातीचा आणि तिसरा स्ट्रेनचा, म्हणजे त्या जातीतल्या एका विशिष्ट वाणाचा. उदाहरणार्थ 'लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी'. यातला 'जीजी' हा स्ट्रेन. शेरवूड गोरबाख आणि बॅरी गोल्डिन या दोन अमेरिकी संशोधकांच्या आडनावांची ती आद्याक्षरे आहेत. हा स्ट्रेन त्यांनी १९८० च्या दशकात वेगळा केला आणि आज तो जगात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या स्ट्रेनपैकी एक आहे.

बहुतेक डब्यांवर पहिले दोन भाग छापलेले असतात, तिसरा नसतो. आणि सगळा फरक तिसऱ्या भागात असतो. शेतकरी नुसते 'ज्वारी' लिहिलेली बियाण्याची पिशवी विकत घेत नाही. रब्बीला मालदांडी हवी असेल, तर पिशवीवर मालदांडीच लिहिलेले हवे. इथेही तसेच आहे. एकाच जातीचे दोन स्ट्रेन शरीरात अगदी वेगळे वागू शकतात. याचे सर्वात ठळक उदाहरण म्हणजे ई. कोलाय. या एकाच जातीतला 'निसल १९१७' हा स्ट्रेन युरोपात प्रोबायोटिक म्हणून वापरला जातो, तर 'ओ१५७:एच७' या प्रकाराने रक्ताची हगवण लागते आणि काही मुलांची मूत्रपिंडे निकामी होतात. जातीचे नाव दोघांचे एकच.

प्रोबायोटिकचे बहुतेक अभ्यास ठरावीक स्ट्रेनवर झालेले असतात. जीजी स्ट्रेनवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष ऱ्हॅम्नोसस जातीच्या दुसऱ्या स्ट्रेनला आपोआप लागू होत नाही. म्हणून डब्यावर फक्त 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' लिहिलेले असेल, तर त्या डब्यातल्या जिवाणूवर अभ्यास झाला आहे की नाही, हे सांगायला काहीच आधार नसतो.

स्ट्रेनची खूण अक्षरांची असते किंवा एखाद्या संग्रहाच्या क्रमांकाची. जगात सूक्ष्मजीवांचे संग्रह सांभाळणाऱ्या संस्था आहेत. तिथे स्ट्रेन जमा केला की त्याला क्रमांक मिळतो आणि तोच क्रमांक लेबलवर येतो. एटीसीसी हा अमेरिकेतला संग्रह, डीएसएम जर्मनीतला, सीएनसीएम पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधला. भारतात चंडीगडला एमटीसीसी आहे आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम आहे. यांपैकी एखादे नाव आणि पुढे क्रमांक दिसला, की स्ट्रेन सांगितला आहे असे समजा. 'लिमोसिलॅक्टोबॅसिलस रॉयटेरी डीएसएम १७९३८', 'सॅकरोमायसिस बुलार्डी सीएनसीएम आय-७४५', 'बॅसिलस कोॲग्युलन्स एमटीसीसी ५८५६' ही पूर्ण लिहिलेली नावे आहेत. काही कंपन्या स्ट्रेनऐवजी स्वतःचे एखादे ट्रेडमार्क नाव मोठ्या अक्षरांत छापतात. ते असायला हरकत नाही, पण खाली घटकांच्या यादीत खरा स्ट्रेन लिहिलेला आहे का, ते बघा.

नावांबाबत दोन गोंधळ नेहमी होतात. पहिला नव्या-जुन्या नावांचा. २०२० साली शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस ही अवाढव्य प्रजाती मोडून तिच्या २५ प्रजाती केल्या. त्यामुळे 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' आणि 'लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' ही एकाच जातीची दोन नावे आहेत. बाजारात दोन्ही नावांचे डबे मिळतात. अशा वेळी जातीचे नाव आणि स्ट्रेनचा क्रमांक जुळतो का, एवढे पाहिले की पुरे. स्ट्रेनचा क्रमांक नाव बदलले तरी बदलत नाही.

दुसरा गोंधळ आपल्याकडे फार जुना आहे. भारतात अनेक गोळ्यांवर 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनीस' किंवा 'लॅक्टिक ॲसिड बॅसिलस' असे छापलेले असते. खरे लॅक्टोबॅसिलस बीजाणू तयार करतच नाहीत. या गोळ्यांमध्ये असतो तो बॅसिलस कोॲग्युलन्स हा बीजाणू धरणारा जिवाणू, आणि स्पोरोजेनीस हे त्याचे मागे पडलेले, चुकीचे नाव आहे. अँटिबायोटिकच्या काही कॅप्सूलमध्ये अँटिबायोटिकबरोबर हाच 'लॅक्टिक ॲसिड बॅसिलस' घातलेला असतो. तो आहे म्हणून दहीजन्य लॅक्टोबॅसिलस मिळाला, असे समजू नये.

घरच्या दह्याबद्दल इथेच सांगायला हवे, कारण हा प्रश्न हमखास येतो. दह्यात जिवंत जिवाणू असतात आणि जेवणात दही असणे चांगलेच. पण विरजणात कोणते स्ट्रेन आहेत आणि किती आहेत, हे घरोघरी वेगळे असते आणि कोणी मोजलेले नसते. म्हणून दही हे चांगले अन्न आहे, पण डॉक्टरांनी नाव देऊन लिहिलेल्या स्ट्रेनची जागा ते घेऊ शकत नाही.

आकडा : किती, कशात आणि कधीपर्यंत

सीएफयू म्हणजे कॉलनी फॉर्मिंग युनिट. ते कसे मोजतात हे समजले, की आकड्याकडे बघायची नजर बदलते. प्रयोगशाळेत कॅप्सूलमधली पावडर द्रावणात मिसळून पुन्हा पुन्हा पातळ करतात. मग ते द्रावण पोषक अगारच्या थाळीवर पसरतात आणि थाळी ऊबदार कपाटात ठेवतात. जो जिवाणू जिवंत असतो तो वाढतो आणि डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका तयार होतो. ठिपके मोजायचे आणि किती पट पातळ केले होते त्याने गुणायचे. मेलेला जिवाणू ठिपका करत नाही. म्हणून सीएफयू हा जिवंत जिवाणूंचा आकडा असतो. मिलिग्रॅममध्ये दिलेले वजन मात्र मेलेल्या जिवाणूंचेही असते आणि सोबतच्या भुकटीचेही असू शकते. डब्यावर फक्त मिलिग्रॅम असतील आणि सीएफयू नसेल, तर जिवंत किती आहेत हे सांगितलेलेच नाही.

आकडे इंग्रजी पद्धतीने लिहिलेले असतात, म्हणून ते आपल्या हिशेबात आणून घ्या. एक मिलियन म्हणजे १० लाख. एक बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच एक अब्ज. काही डब्यांवर १० लिहून त्याच्या डोक्यावर लहान ९ लिहिलेला असतो. तेही १०० कोटीच. डोक्यावर ८ असेल तर १० कोटी आणि १० असेल तर १००० कोटी. डोक्यावरचा अंक एकाने वाढला की आकडा दहापट होतो. म्हणून ८ आणि ९ हे शेजारचे अंक दिसले, तरी दोन डब्यांतला फरक दहापट असतो.

यानंतर बघायचे ते हे, की आकडा कशात मोजलेला आहे. एका कॅप्सूलमध्ये, एका ग्रॅममध्ये, ५ मिलिलिटरमध्ये की दिवसाच्या पूर्ण मात्रेत? 'प्रति सर्व्हिंग १००० कोटी' असे समोर मोठ्या अक्षरांत असते आणि मागे लिहिलेले असते की एक सर्व्हिंग म्हणजे दोन कॅप्सूल. एकच कॅप्सूल घेणाऱ्याला निम्मेच मिळतात.

एकाहून जास्त स्ट्रेन असतील, तर प्रत्येकाचा आकडा वेगळा दिलेला हवा. सहा नावे लिहून खाली 'एकूण १२५ कोटी' एवढेच छापले असेल, तर कोणाचे किती हे कळायला मार्ग नसतो. सगळे समान धरले तरी प्रत्येकाच्या वाट्याला २१ कोटींच्या आसपास येतात. प्रत्यक्षात वाटणी समान असतेच असे नाही.

आणि आकड्यातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे 'कधीपर्यंत?'. सुकवलेले जिवाणूही दर महिन्याला थोडे थोडे मरत असतात. 'ॲट द टाइम ऑफ मॅन्युफॅक्चर' असे लिहिलेले असेल, तर तो आकडा कारखान्यातल्या दिवसाचा आहे. 'अंटिल एक्स्पायरी' किंवा 'ॲट द एंड ऑफ शेल्फ लाइफ' असे असेल, तर एक्स्पायरीच्या दिवसापर्यंत किमान तेवढे जिवंत राहतील अशी कंपनीची हमी आहे. आपल्या कामाची हमी ही दुसरी. ती देणारी कंपनी मरतील तेवढे गृहीत धरून सुरुवातीलाच जास्त जिवाणू भरते.

फरक किती पडतो, ते एका कल्पित हिशेबाने बघू. कारखान्यात कॅप्सूलमध्ये २०० कोटी जिवाणू भरले आणि मुदत १८ महिन्यांची आहे. डबा थंड जागी राहिला आणि दर सहा महिन्यांनी जिवाणू निम्मे झाले, तर १८ महिन्यांनी २५ कोटी उरतील. तोच डबा उष्ण गोदामात राहिला आणि दर तीन महिन्यांनी निम्मे झाले, तर सहा वेळा निम्मे होऊन उरतील जेमतेम ३ कोटी. दोन्ही डब्यांवर छापलेला आकडा २०० कोटीच. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे प्रोबायोटिक अन्नात दिवसाच्या मात्रेत साधारणपणे किमान १० कोटी जिवंत सूक्ष्मजीव हवेत. पहिला डबा त्या पट्टीवर उतरतो, दुसरा नाही.

मग मोठा आकडा असलेला डबाच चांगला का? नाही. पुरेसे प्रमाण किती, हे स्ट्रेन आणि तक्रार या दोन्हींवर ठरते. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या पोटशुळासाठी रॉयटेरी डीएसएम १७९३८ चा जो अभ्यास झाला, त्यात दिवसाला पाच थेंबांत १० कोटी जिवाणू दिले होते. अँटिबायोटिकमुळे मुलांना लागणाऱ्या जुलाबांसाठी ज्या अभ्यासांत ऱ्हॅम्नोसस किंवा बुलार्डीचा चांगला फायदा दिसला, तिथली मात्रा दिवसाला ५०० कोटी आणि त्याहून जास्त होती. पहिल्या ठिकाणी १० कोटी पुरतात, दुसऱ्या ठिकाणी पुरत नाहीत. ५००० कोटींचा अनोळखी डबा १० कोटींच्या अभ्यासलेल्या थेंबांपेक्षा सरस ठरत नाही.

परदेशातून मागवलेल्या काही डब्यांवर सीएफयूऐवजी 'एएफयू' असते. त्यात थाळीवर ठिपके वाढवत नाहीत. जिवंत पेशी रंगवून यंत्राने मोजतात. ज्या पेशी जिवंत असूनही थाळीवर वाढत नाहीत, त्याही यात मोजल्या जातात. त्यामुळे एकाच पावडरचा एएफयू आकडा सीएफयूपेक्षा जास्त येऊ शकतो. या दोन एककांतले आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

साठवण : कारखान्यापासून घरच्या कपाटापर्यंत

सुकवलेल्या जिवाणूंचे दोन मोठे शत्रू म्हणजे उष्णता आणि ओल. ओल लागली की निद्रिस्त जिवाणू अर्धवट जागा होतो, पण त्याला वाढायला अन्न मिळत नाही आणि तो मरतो. उष्णतेने हेच आणखी वेगाने होते. सगळ्यांची सहनशक्ती मात्र सारखी नसते. लॅक्टोबॅसिलसच्या कुळातले आणि बिफिडोबॅक्टेरियम नाजूक असतात. सुकवलेला बुलार्डी हा यीस्ट आहे आणि त्याची बरीच उत्पादने फ्रिजबाहेर ठेवता येतात. बॅसिलस क्लॉसी आणि बॅसिलस कोॲग्युलन्स टणक कवचाच्या बीजाणूंच्या रूपात असतात, म्हणून ते सर्वात काटक. तरीही अंतिम शब्द डब्यावरच्या सूचनेचा, कारण एकच स्ट्रेन एका कंपनीने साध्या बाटलीत भरलेला असतो आणि दुसरीने ओल आत येऊ न देणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाकिटात.

सूचनेतले शब्द नेमके वाचा. औषधांच्या भाषेत 'कोल्ड' म्हणजे ८ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे फ्रिजच. 'कूल' म्हणजे २५ अंशांपर्यंत. 'स्टोअर बिलो २५ डिग्री' हे वाक्य महाबळेश्वरला जानेवारीत कपाटात ठेवूनही पाळता येते. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा त्याच वाक्याचा अर्थ फ्रिज असा होतो. तेव्हा डब्यावर फ्रिजचे नाव नसले, तरी उन्हाळ्यात आपल्या खोलीचे तापमान बघून निर्णय घ्या. 'डू नॉट फ्रीझ' लिहिले असेल, तर बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नका.

फ्रिजमध्येही जागा बघा. दार वारंवार उघडते, तिथे तापमान खालीवर होते. मधल्या फळीवर ठेवणे बरे. बाटली फ्रिजमधून काढून उघडी ठेवली की बाहेरच्या दमट हवेतले पाणी आत थेंब होऊन साचते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात हे अगदी लवकर होते. कॅप्सूल काढा, झाकण लगेच घट्ट लावा आणि बाटली आत ठेवा. बाटलीतली ओल शोषणारी पुडी फेकू नका. पट्टीतल्या गोळ्या आधीच फोडून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नका. प्रत्येक गोळीचे कवच हेच तिचे संरक्षण असते.

फ्रिजमध्ये ठेवायचे उत्पादन असेल, तर विकत घेतानाच बघा की दुकानदार ते कुठून काढून देतो आहे. कपाटातून काढून दिले, तर घेऊ नका. नंतर घरच्या फ्रिजमध्ये ठेवून मेलेले जिवाणू परत येत नाहीत. ऑनलाइन मागवत असाल, तर एप्रिल-मे महिन्यांत डबा कुरियरच्या गाडीत किती तास तापतो, हे आपल्याला कळत नाही. असे उत्पादन जवळच्या दुकानातून घेणे शहाणपणाचे.

डबा खराब झाला आहे हे बघून ओळखता येईल का? थोडेसे. पावडरचे खडे झाले असतील, कॅप्सूल मऊ किंवा चिकट झाली असेल, तर ओल आत गेली आहे, तो डबा बाजूला करा. पण नुसत्या उष्णतेने जिवाणू मेले, तर पावडर होती तशीच दिसते. काही जण कॅप्सूल दुधात टाकून दही लागते का ते बघतात. त्यावरून काही सिद्ध होत नाही. बरेच चांगले स्ट्रेन दूध नीट विरजत नाहीत, आणि विरजलेच तर किती जिवंत होते हे कळत नाही. म्हणून साठवणुकीची सूचना पाळण्याला पर्याय नाही.

शेवटची चूक होते ती पेल्यात. सॅशे गरम दुधात, चहात किंवा गरम पेजेत मिसळू नका. साधे पाणी किंवा कोमट झालेले अन्न घ्या आणि मिसळल्यावर लगेच द्या.

काउंटरवरचे तीन डबे

आता हे सगळे एका प्रसंगाला लावून बघू. आठ वर्षांच्या मुलीला अँटिबायोटिक सुरू झाले आहे, आधीच्या खेपेला तिला जुलाब झाले होते, म्हणून डॉक्टरांनी प्रोबायोटिक द्यायला सांगितले आहे. लिहिलेले नाव दुकानात नाही. दुकानदार तीन पर्याय पुढे ठेवतो.

पहिल्या डब्यावर सहा सूक्ष्मजीवांची नावे आहेत, एकाचाही स्ट्रेन नाही. एकूण आकडा १२५ कोटी, प्रत्येकाचा वेगळा नाही. तो कोणत्या दिवसाचा, तेही लिहिलेले नाही. सूचना आहे 'थंड व कोरड्या जागी ठेवा', तापमानाचा अंक नाही. डबा दुकानाच्या उघड्या मांडणीवर होता. यात तिन्ही प्रश्नांची उत्तरे नाहीत. सहा नावे बघून तो भरगच्च वाटतो, पण त्यावरून निर्णय घेण्यासारखे काहीच नाही.

दुसऱ्या डब्यावर 'सॅकरोमायसिस बुलार्डी सीएनसीएम आय-७४५, २५० मिलिग्रॅम' असे आहे. स्ट्रेन पूर्ण आहे आणि मुलांना अँटिबायोटिकबरोबर देण्यासाठी बुलार्डीचा अभ्यासही झालेला आहे. २५० मिलिग्रॅम हे वजन आहे, म्हणून जिवंत पेशींचा आकडा वेगळा शोधायला हवा. तो सापडला आणि त्यापुढे एक्स्पायरीपर्यंतची हमी असली, तर डबा दमदार ठरतो. शिवाय बुलार्डी हा यीस्ट असल्यामुळे जिवाणूंवरचे अँटिबायोटिक त्याला मारत नाही. बुरशीवरचे औषध चालू असेल तर मात्र ते त्याला मारते.

तिसरा पर्याय म्हणजे ५ मिलिलिटरच्या छोट्या कुप्या, बॅसिलस क्लॉसीचे २०० कोटी बीजाणू. याच्या मूळ उत्पादनातल्या चार स्ट्रेनना ओ/सी, एसआयएन, एन/आर आणि टी अशी नावे आहेत. कुपीच्या डब्यावर ती आहेत का ते बघा. बीजाणू असल्यामुळे साठवण सोपी आहे. कुपी देण्याआधी हलवून घ्यायची, कारण बीजाणू तळाशी बसतात.

या घरात काय करायचे? पहिला डबा परत करायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्याचे लेबल फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवायचे किंवा फोटो पाठवायचा आणि बदली चालेल का ते विचारायचे. लेबलवरून कोणता डबा बोलतो आहे आणि कोणता गप्प आहे हे कळते. मुलीला कोणता द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. जिवाणूंचे प्रोबायोटिक मिळाले, तर अँटिबायोटिक आणि ते यांत सहसा दोन तासांचे अंतर ठेवायला सांगतात. आणि जुलाब लागलेच, तर मुलांसाठी पहिला उपाय ओआरएस हाच आहे. कोणतेही प्रोबायोटिक त्याची जागा घेत नाही.

डबा उलटवून आणखी एक गोष्ट बघा. १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक असेल, तर ते उत्पादन अन्न किंवा पूरक आहार म्हणून विकले जाते आणि त्यावर 'नॉट फॉर मेडिसिनल युज' असे लिहिलेले असते. औषध म्हणून परवाना असलेल्या डब्यावर औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक असतो. दोन्ही दुकानात शेजारी शेजारी मांडलेले असतात. पूरक आहाराच्या डब्यावर एखादा आजार बरा करण्याचा दावा दिसला, तर तो नियमाबाहेरचा आहे.

लेबल चांगले असूनही थांबायचे कुठे

काही माणसांच्या बाबतीत उत्तम लेबलही पुरेसे नसते. अपुऱ्या दिवसांचे बाळ, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण, अवयव प्रत्यारोपण झालेला माणूस, अतिदक्षता विभागातला किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेला रुग्ण यांच्या शरीरात हेच जिवंत सूक्ष्मजीव रक्तात शिरून संसर्ग करू शकतात. बुलार्डीच्या बाबतीत मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णांसाठी स्पष्ट मनाई आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रुग्णालयात प्रोबायोटिक देण्याबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली धोक्याची सूचना दिली, तीही एका बाळाचा मृत्यू झाल्यानंतर. घरात असे कोणी असेल, तर प्रोबायोटिक 'साधे' समजून डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

इतरांनी पुढच्या वेळी काउंटरवर डबा हातात घेतल्यावर पैसे देण्याआधी एवढे करावे. स्ट्रेनचे अक्षर किंवा क्रमांक शोधावा. आकड्यापुढे 'एक्स्पायरीपर्यंत' आहे का बघावे. तापमानाचा अंक वाचून दुकानदार डबा कुठून काढतो आहे ते बघावे. या तिन्ही गोष्टी जिथे नाहीत, त्या डब्यात काय आहे आणि त्यातले किती जिवंत आहे, हे विकणाऱ्याने तुम्हाला सांगितलेलेच नाही. असा डबा घेऊ नका.